तीन परिच्छेदांतून पाच वाक्ये

लांबलेला ईमेल छोटा करायचा म्हटले की बहुतेक जण वरून वाचायला लागतात आणि जिथे शब्द जास्त वाटतील तिथे ते उडवतात. अशाने पत्र लहान होते, पण ज्यासाठी ते लिहिले ती मागणी पुष्कळदा पहिल्यासारखीच अंधारात राहते. कापण्याआधी काय करायचे हे कळावे म्हणून एक नमुना घेऊ. पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी 2 सप्टेंबर 2025 रोजी स्ट्रक्चरल इंजिनिअरना लिहीत आहेत, अशी कल्पना करा.

«मा. सर, सप्रेम नमस्कार. आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल अशी आशा आहे. गणेशोत्सवाच्या धामधुमीत आपल्याला त्रास देत आहोत, त्याबद्दल क्षमस्व. आपल्याला आठवत असेलच की जूनमध्ये आपण आमच्या ए आणि बी विंगच्या गच्च्यांची पाहणी केली होती व अनेक उपयुक्त सूचना केल्या होत्या. त्याबद्दल समिती आपली आभारी आहे.

यंदाच्या पावसात परिस्थिती आणखी बिघडली आहे. बी विंगच्या वरच्या मजल्यावरील तीन सदनिकांत ओल वाढली असून एका ठिकाणी छताचे प्लास्टर पडले. दोन वर्षांपूर्वी कोब्याची दुरुस्ती केली, तिचा काही उपयोग झाला नाही असे सभासद म्हणतात. काहींना पत्र्याची शेड हवी आहे, काहींचा तिला ठाम विरोध आहे. आपण म्हणाला होतात की वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागेल, तर त्याचा खर्च कळला तर बरे होईल, म्हणजे सभासदांना काही सांगता येईल, आणि दोन्ही विंगचा वेगळा कळला तर अधिकच चांगले, कारण ए विंगवाल्यांना वाटते की त्यांना विनाकारण भुर्दंड पडतो आहे.

आमची वार्षिक सभा 28 सप्टेंबरला घेण्याचे ठरत आहे. नोटीस 13 तारखेपर्यंत सर्वांना पोचायला हवी, त्याआधी छपाई आलीच. समितीची बैठक 11 ला संध्याकाळी आहे. तरी आपण सवडीने, शक्य तितक्या लवकर याकडे लक्ष द्यावे ही विनंती. शेडबद्दलही आपले मत ऐकायला आवडेल. कळावे, लोभ असावा.»

पत्र सभ्य आहे आणि त्यातली सगळी माहिती खरी आहे. तरीही ते वाचून इंजिनिअर काय करतील? बहुधा ‘सवडीने’ हा शब्द धरून ते बाजूला ठेवतील, आणि सभा 28 ला आहे म्हणजे वेळ आहे असे समजतील. दोष त्यांचा नाही. विनंती दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटच्या लांब वाक्यात, ‘कळला तर बरे होईल’ अशा इच्छेच्या रूपात दडली आहे. तिसऱ्या परिच्छेदात तीन तारखा आहेत आणि त्यांपैकी एकही इंजिनिअरसाठी नाही.

कापायला बसणाऱ्याची पहिली फसगत इथे होते. अंतिम तारीख गमवायची नाही असे आपण म्हणतो, पण या पत्रात ती आलेलीच नाही. ती आधी काढावी लागते, आणि तीही उलट्या बाजूने. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी, म्हणून 28 चा रविवार ठरला. आदर्श उपविधींनुसार या सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची असते. नोटीस देण्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून मधले 14 दिवस मोजले, तर 13 ला, शनिवारी, ती सभासदांच्या हातात पडली पाहिजे. छपाई आणि वाटपाला शुक्रवार लागेल. गुरुवारी, 11 ला, समिती आकडे बघून नोटिशीचा मजकूर पक्का करेल. म्हणजे अंदाजपत्रक बुधवारी, 10 सप्टेंबरला संध्याकाळपर्यंत हाती हवे. मूळ पत्रात 10 हा आकडा कुठेही नाही. हे गणित करायला पाच मिनिटे लागतात, आणि ते सेक्रेटरींनीच करायचे असते. इंजिनिअरना उपविधी पाठ नसतात.

मग मागणी. तिचे एका वाक्यात रूपांतर करताना कोणी, काय, कोणत्या स्वरूपात आणि कधीपर्यंत, ही चारही उत्तरे त्यात बसली पाहिजेत. यातले ‘कोणत्या स्वरूपात’ सर्वांत जास्त वेळा सुटते. दोन्ही विंगचा खर्च वेगळा हवा, ही गोष्ट मूळ पत्रात जाता जाता आली आहे. पण एकत्र आकडा आला तर तो सभेपुढे ठेवता येणार नाही आणि इंजिनिअरना पुन्हा बसावे लागेल. म्हणून ती मागणीच्या वाक्यातच हवी.

आता उरलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे काढले तर समोरच्याचे उत्तर बदलेल का? जूनमधल्या पाहणीची आठवण राहू द्यावी, कारण तिच्यामुळे कोणती गच्ची आणि कोणते काम हे लगेच लक्षात येते. ओल वाढली आणि प्लास्टर पडले, हेही हवे, कारण पाहणीनंतर झालेला हा बदल कामाची व्याप्ती वाढवू शकतो. कोब्याची जुनी दुरुस्ती त्यांनी स्वतः पाहिलेली आहे, ते वाक्य जाऊ द्यावे. मात्र पत्र एखाद्या नव्या इंजिनिअरला जात असते, तर तेच वाक्य ठेवावे लागले असते, कारण जुना कोबा तोडून राडारोडा हलवायचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा लागतो. ए विंगच्या सभासदांची नाराजी खरी आहे, पण ती सोसायटीची घरातली गोष्ट आहे. तिच्यामुळे एकही आकडा बदलत नाही.

शेडचा प्रश्न मी इथून काढेन, आणि यावर वाद होऊ शकतो याची मला कल्पना आहे. प्रश्न महत्त्वाचा आहे, पण दुसरा आहे. एका पत्रात दोन प्रश्न असले की माणूस सोप्याचे उत्तर आधी देतो, आणि शेडबद्दल मत सांगणे हे अंदाजपत्रक करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. दहा तारखेला शेडवर चार छान ओळी येतील आणि खर्चाचा आकडा येणार नाही. शेडसाठी वेगळे पत्र, वेगळ्या विषयाने, सभेनंतर पाठवावे.

या सगळ्यानंतर उरते ते असे:

«विषय: गच्ची वॉटरप्रूफिंगचे अंदाजपत्रक, बुधवार 10 सप्टेंबरपर्यंत

मा. सर, सप्रेम नमस्कार.

ए आणि बी विंगच्या गच्च्यांच्या नव्या वॉटरप्रूफिंगचे अंदाजपत्रक, दोन्ही विंगचा खर्च वेगळा दाखवून, कृपया बुधवार, 10 सप्टेंबरला संध्याकाळी 6 वाजेपर्यंत ईमेलने पाठवावे. ते वार्षिक सभेच्या नोटिशीसोबत सभासदांना द्यायचे आहे आणि नोटीस त्याच आठवड्यात छापायला जाते. जूनमध्ये आपण पाहणी केल्यानंतर बी विंगच्या तीन सदनिकांत ओल वाढली असून एका ठिकाणी छताचे प्लास्टर पडले आहे, त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. पुन्हा पाहणी करावीशी वाटली तर विसर्जनानंतर आपण म्हणाल त्या दिवशी गच्ची उघडून देऊ. तपशीलवार अंदाजपत्रक तोपर्यंत होणार नसेल, तर प्रत्येक विंगचा अंदाजे एकूण खर्च तेवढा कळवावा.»

नमस्कार वगळून वाक्ये पाचच आहेत. पहिल्यात मागणी आणि मुदत, दुसऱ्यात मुदतीचे कारण, तिसऱ्यात नवी वस्तुस्थिती, चौथ्यात आपल्याकडून काय मदत होईल ते, पाचव्यात अडचण आली तर काय चालेल ते. दुसरे वाक्य गाळावे असे अनेकांना वाटेल. ते ठेवावे असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण दिले की तारीख ही हुकूम राहत नाही, आणि मुदत हुकली तर काय अडेल हे समोरच्याला कळते. मात्र त्या कारणात 28, 13, 11 हे आकडे मुद्दाम घेतलेले नाहीत. पत्रात एकच तारीख असली की चुकीची तारीख डोक्यात राहण्याचा धोकाच उरत नाही. तिच्याबरोबर वार लिहावा, कारण तारीख टाइप करताना चूक झाली तर वार जुळत नाही आणि ती लगेच पकडली जाते. वेळही लिहावी, कारण ‘10 पर्यंत’ म्हणजे दहाचा दिवस धरून की सोडून, हे दोघे दोन तऱ्हांनी समजतात.

पाचव्या वाक्याबद्दल सावध राहायला हवे. पर्याय फार सोयीचा दिला, तर समोरचा तोच निवडतो. म्हणून ‘अंदाजे आकडा चालेल’ एवढेच न लिहिता, तपशील शक्य नसेल तरच, आणि तेव्हाही विंगनिहाय, अशी अट त्यात आहे. अंदाजे आकड्यावर सभेत निर्णय घेताच येणार नसेल, तर हे वाक्य देऊ नये. त्याऐवजी ‘उशीर होणार असेल तर सोमवारी कळवावे’ असे लिहावे.

याच्या उलट टोकाची चूकही होते. ‘सर, एस्टिमेट 10 पर्यंत पाठवा’ हे एका ओळीत झाले, पण कोणत्या कामाचे, वेगळे की एकत्र, हे विचारायला त्यांचा फोन येणार, आणि तो आला नाही तर अर्धवट आकडा येणार. पाचची मर्यादा पाळायची म्हणून ‘आणि’, ‘तसेच’, ‘तसेच की’ जोडत चाळीस-पन्नास शब्दांचे वाक्य करणे हीदेखील पळवाटच आहे. वाक्य मोठ्याने वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागला तर त्यात दोन वाक्ये आहेत असे समजावे.

गाळलेला मजकूर फेकून द्यायचा नसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, 9 ऑगस्ट 1940 रोजी, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या सहकाऱ्यांना आणि सरकारी खात्यांना अहवाल लहान करण्याबद्दल एक टिपण धाडले. आकडेवारी आणि गुंतागुंतीचे विश्लेषण परिशिष्टात टाका, असेही त्यात होते. ईमेलमध्ये परिशिष्टाची जागा जोडपत्राला आहे. आपल्या नमुन्यात फोटो तिथे गेले. दोन वर्षांच्या दुरुस्त्यांचा इतिहास हवाच असेल तर तोही एका पानावर लिहून जोडता येतो. ज्याला लागेल तो उघडेल.

सगळीच पत्रे अशी कापू नयेत. ठेकेदाराच्या सदोष कामाची तक्रार पुढे पुरावा म्हणून लागू शकते, तिथे तारखांसह पूर्ण हकिकत हवी. सांत्वनाच्या पत्रात मागणीच नसते, तिथे वाक्ये मोजू नयेत.

पाठवण्यापूर्वी मजकूर समितीबाहेरच्या कुणाला तरी एकदा वाचायला द्यावा, मग स्क्रीन बाजूला करून विचारावे: कोणी, काय, कधीपर्यंत पाठवायचे आहे? उत्तर देताना ती व्यक्ती ‘सभेच्या आधी कधीतरी’ असे म्हणाली, तर पहिले वाक्य पुन्हा लिहायचे. आणि सोमवारी, 8 तारखेला, उत्तर आले नसेल तर नवे पत्र लिहू नये. त्याच पत्राला उत्तर म्हणून वर पहिले वाक्य जसेच्या तसे टाकावे आणि पाठवावे. त्यात स्मरणपत्राला लागणारे सगळे आलेले असते.