मॅट्रिक्सची लांबी आणि मॅट्रिक्समधला काटकोन

ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांचा चौकोनी तक्ता म्हणजे मॅट्रिक्स. अशा तक्त्याला लांबी असते, दोन तक्त्यांमध्ये कोन असतो आणि तो कोन काटकोनही असू शकतो, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण सदिशांची, म्हणजे दिशा असलेल्या बाणांची लांबी आणि त्यांच्यामधला कोन एकाच गोष्टीवरून ठरतात, ती म्हणजे अंतर्गुणाकार. दोन बाणांचे जुळते घटक एकमेकांशी गुणून बेरीज केली की अंतर्गुणाकार मिळतो. बाणाचा स्वतःशीच केलेला अंतर्गुणाकार हा त्याच्या लांबीचा वर्ग असतो आणि दोन बाणांचा अंतर्गुणाकार शून्य आला तर ते एकमेकांना लंब असतात. मॅट्रिक्सचीही बेरीज करता येते आणि त्यांना संख्येने गुणता येते. तेव्हा त्यांच्यासाठी एक योग्य अंतर्गुणाकार सापडला, की बाकीची भूमिती आपोआप मागे येते.

तो असा घेतात: ⟨A, B⟩ = tr(AᵀB). येथे Aᵀ म्हणजे A च्या ओळींचे स्तंभ करून मिळणारी मॅट्रिक्स, आणि tr म्हणजे ट्रेस, डावीकडे वरून उजवीकडे खाली जाणाऱ्या मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज. जर्मन गणिती फर्डिनांड गेओर्ग फ्रोबेनियस (१८४९–१९१७) यांच्या नावावरून याला फ्रोबेनियस अंतर्गुणाकार म्हणतात.

सूत्र वाटते तेवढे गूढ नाही. A = [३ ५ ; १ २] आणि B = [१ ० ; ४ −२] घेऊ. अर्धविरामाच्या आधी पहिली ओळ आणि नंतर दुसरी. Aᵀ होते [३ १, ५ २]. तिला B ने गुणल्यावर [७ −२ ; १३ −४] मिळते आणि तिचा ट्रेस ७ − ४ = ३ येतो. आता गुणाकाराच्या भानगडीत न पडता दोन्ही तक्त्यांतल्या एकाच जागेवरच्या संख्या गुणून बेरीज करू: ३×१ + ५×० + १×४ + २×(−२) = ३. उत्तर तेच. हा योगायोग नाही. AᵀB च्या कर्णावरची पहिली संख्या म्हणजे A च्या पहिल्या स्तंभाचा B च्या पहिल्या स्तंभाशी अंतर्गुणाकार, दुसरी म्हणजे दुसऱ्याचा दुसऱ्याशी. कर्ण बेरजेत घेतला की सगळे स्तंभ हिशेबात येतात. कर्णाबाहेरच्या −२ आणि १३ या संख्या मात्र उगीचच काढल्या गेल्या. म्हणून संगणकावर कोणी शहाणा माणूस हे सूत्र अक्षरशः चालवत नाही. हजार ओळी आणि हजार स्तंभांच्या मॅट्रिक्ससाठी नेहमीच्या पद्धतीने AᵀB काढायला शंभर कोटी गुणाकार लागतात, तर जागच्या जागी गुणून बेरीज करायला फक्त दहा लाख.

```
np.trace(A.T @ B)   # बरोबर, पण खर्चिक
np.sum(A * B)       # तेच उत्तर, स्वस्तात
np.linalg.norm(A)   # A ची लांबी
```

मग ट्रेस मुळात हवाच कशाला? तक्त्यातल्या चार संख्या एका ओळीत मांडून त्यांना चार घटकांचा बाण म्हटले, तरी हीच बेरीज मिळते. ट्रेसचे मोल कळते ते अक्ष फिरवल्यावर. मॅट्रिक्समधल्या संख्या अक्षांच्या निवडीवर अवलंबून असतात. कागद थोडा फिरवून नवे अक्ष आखले, तर त्याच भौतिक गोष्टीची मॅट्रिक्स बदलून QᵀAQ होते. Q ही फिरवण्याची मॅट्रिक्स आणि तिच्यासाठी QQᵀ ही एकक मॅट्रिक्स I असते. चारही आकडे बदलले, तर त्यांच्या वर्गांची बेरीज तशीच का राहावी, हे नुसते तक्त्याकडे पाहून कळत नाही. ट्रेसचा मात्र एक गुण आहे: tr(XY) आणि tr(YX) नेहमी समान असतात. QᵀAQ आणि QᵀBQ यांचा अंतर्गुणाकार मांडला की मधला QQᵀ गळून tr(QᵀAᵀBQ) उरते. आता पुढचा Qᵀ शेवटी नेऊन ठेवला की पुन्हा QQᵀ तयार होऊन नाहीसा होतो आणि हाती tr(AᵀB) राहते. म्हणजे ही लांबी आणि हा कोन तक्त्याच्या मांडणीचे नाहीत, तक्ता ज्या गोष्टीचे वर्णन करतो तिचे आहेत.

A ची लांबी ‖A‖ = √(९ + २५ + १ + ४) = √३९, म्हणजे सुमारे ६.२४. एकक मॅट्रिक्स I = [१ ० ; ० १] हिची लांबी √२. या दोघींचा अंतर्गुणाकार ३ + २ = ५, म्हणजे A चा ट्रेसच. ट्रेस हा स्वतःच I बरोबरचा अंतर्गुणाकार आहे, ही बाब छोटी असली तरी पुढे फार कामाला येते. A आणि I यांच्यामधल्या कोनाची कोज्या ५ भागिले √७८, म्हणजे सुमारे ०.५७, आणि कोन साधारण ५५.५ अंश.

या भूमितीतला सर्वांत उपयोगी काटकोन दोन कुटुंबांमध्ये आहे. कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारख्या सारख्याच संख्या असतील तर मॅट्रिक्स सममित. त्या संख्या समोरासमोर विरुद्ध चिन्हांच्या असतील आणि कर्णावर शून्ये असतील तर तिला प्रतिसममित म्हणू. कोणतीही सममित मॅट्रिक्स कोणत्याही प्रतिसममित मॅट्रिक्सला लंब असते. कारण उघड आहे: कर्णावर शून्याने गुणले जाते, आणि कर्णाबाहेर प्रत्येक जोडीत एकदा अधिक, एकदा उणे असा तोच गुणाकार येऊन खोडला जातो.

आता A चे दोन भाग करता येतात. समोरासमोरच्या ५ आणि १ यांची सरासरी ३, म्हणून सममित भाग S = [३ ३ ; ३ २]. उरलेला भाग K = [० २ ; −२ ०]. लांबीचे वर्ग अनुक्रमे ३१ आणि ८, बेरीज ३९. काटकोन त्रिकोणातला पायथागोरसचा नियम इथे तक्त्यांना लागू झाला. त्यातून एक व्यावहारिक प्रश्नही सुटतो. मोजमापातून आलेली एखादी मॅट्रिक्स खरे तर सममित असायला हवी, पण चुकांमुळे ती तशी नाही. मग तिच्या सर्वांत जवळची सममित मॅट्रिक्स कोणती? बिंदूपासून रेषेवर टाकलेला लंब जसा सर्वांत आखूड, तशी S सर्वांत जवळची, √८ म्हणजे सुमारे २.८३ अंतरावर. अनेकजण घाईत वरच्या अर्ध्यातला आकडा खाली उतरवून [३ ५, ५ २] करतात. ती मॅट्रिक्स सममित आहे खरी, पण A पासून ४ अंतरावर आहे.

S चेही आणखी विभाजन होते. तिचा ट्रेस ५, म्हणून I च्या दिशेतला भाग [२.५ ०, ० २.५] आणि उरलेला [०.५ ३, ३ −०.५]. या दुसऱ्या भागाचा ट्रेस शून्य आहे, म्हणजे तो I ला लंब आहे. लांबीचे वर्ग १२.५ आणि १८.५, बेरीज ३१. अशा रीतीने A तीन परस्पर लंब तुकड्यांत विभागली गेली.

हे तुकडे वाहत्या पदार्थात डोळ्यांना दिसतात. समजा एका सपाट प्रवाहात (x, y) या बिंदूपाशी वेगाचे घटक 3x + 5y आणि x + 2y आहेत. जागा बदलली की वेग किती बदलतो हे सांगणारी मॅट्रिक्स म्हणजे आपली A. I च्या दिशेतला तुकडा सांगतो की प्रवाहातला लहानसा ठिपका सर्व बाजूंनी किती फुगतो. ट्रेस शून्य असलेला सममित तुकडा सांगतो की तो एका दिशेने ताणला आणि दुसऱ्या दिशेने दबला जाऊन आकार कसा बदलतो. K सांगते की तो आकार न बदलता किती वेगाने गरगरतो. पाण्यासारख्या जवळजवळ न दबणाऱ्या द्रवात पहिला तुकडा शून्यच धरतात.

द्रवाच्या अंतर्गत घर्षणात दर सेकंदाला, एकक आकारमानामागे खर्च होणारी ऊर्जा म्हणजे घर्षणामुळे निर्माण होणाऱ्या ताणाच्या मॅट्रिक्सचा आणि या वेगबदलाच्या मॅट्रिक्सचा अंतर्गुणाकार. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो दोन टिंबांनी A : B असा लिहितात. पाणी, तेल, हवा यांसारख्या सामान्य द्रव-वायूंमध्ये ताणाची मॅट्रिक्स सममित असते, म्हणून K शी तिचा अंतर्गुणाकार शून्य. बादलीतले पाणी बादलीसकट एकाच गतीने फिरत असेल तर त्यात अंतर्गत घर्षणाने ऊर्जा वाया जात नाही. बादली अचानक थांबवली की कडेचे पाणी थांबते, मधले फिरत राहते, सममित तुकडा निर्माण होतो आणि मग घर्षण सुरू होते.

सूत्र वापरताना सर्वांत जास्त चूक होते ती ओळी-स्तंभांची अदलाबदल विसरण्यात. tr(AᵀB) ऐवजी tr(AB) घेतले तर J = [० १ ; −१ ०] हिच्या लांबीचा वर्ग −२ येतो, जे अशक्य आहे. [० १, ० ०] ही मॅट्रिक्स शून्य नसूनही तिची लांबी शून्य भरते. चूक दडून राहते ती सममित मॅट्रिक्सच्या बाबतीत, कारण तिथे Aᵀ आणि A एकच. म्हणून प्रोग्रॅम तपासताना सममित उदाहरण घेणे धोक्याचे असते. J सारखे उदाहरण चालवून २ येते का हे पाहावे. तक्त्यात सदसत् संख्या असतील तर अदलाबदलीबरोबर प्रत्येक संख्येची संयुग्मी संख्याही घ्यावी लागते, नाहीतर i च्या वर्गामुळे हीच ऋण लांबी परत येते.

नावांचाही एक घोटाळा आहे. ‘लंबकोनी मॅट्रिक्स’ हे नाव Q सारख्या एकट्या मॅट्रिक्सला देतात, कारण तिचे स्तंभ आपापसांत लंब आणि एक एकक लांबीचे असतात. ‘दोन मॅट्रिक्स लंब आहेत’ हे त्याहून वेगळे विधान आहे. दोन-दोन ओळी-स्तंभांची प्रत्येक लंबकोनी मॅट्रिक्स √२ लांबीची असते, पण अशा दोन मॅट्रिक्स एकमेकींना लंब असतीलच असे नाही. I ही स्वतः लंबकोनी आहे, आणि थोड्याशा कोनातून फिरवणारी मॅट्रिक्स तिच्या अगदी जवळच्या दिशेत असते.

ही लांबी मॅट्रिक्स बाणाला किती ताणते हे नेमके सांगत नाही. I कोणत्याही बाणाला ताणत नाही, तरी तिची लांबी १ नसून √२ आहे. शंभर ओळी-स्तंभांच्या I ची तर १० भरते. एवढी हमी मात्र मिळते की A ने बाणाची लांबी ‖A‖ पटीपेक्षा जास्त वाढत नाही. आपल्या A चा सर्वांत मोठा ताण सुमारे ६.२४३ आहे, लांबी ६.२४५ च्या खालोखाल. दोन्ही इतके जवळ आले, कारण ही A जवळजवळ एकाच दिशेला ताणते. I सर्व दिशांना सारखेच वागवते, म्हणून तिथे अंतर पडते.

शिवाय तक्त्यातल्या सगळ्या संख्या एकाच मापाच्या असाव्या लागतात. एका स्तंभात मीटर आणि दुसऱ्यात अंश असतील, तर त्यांच्या वर्गांची बेरीज कोणत्याच गोष्टीची लांबी नसते. मीटरचे सेंटीमीटर केले की तो स्तंभ शंभरपट मोठा होतो आणि कालपर्यंत ५५ अंशांचा असलेला कोन काहीतरी वेगळाच निघतो. अशा ठिकाणी आधी प्रत्येक स्तंभाला त्याच्या स्वाभाविक मापाने भागून घ्यावे लागते, आणि ते माप कोणते हे गणित सांगत नाही, विषय जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते.