खोक्याचा कल सांगणारे नऊ आकडे

गोदामात पॅलेटवर खोकी रचलेली असतात. वर टांगलेला डेप्थ कॅमेरा खाली पाहतो आणि समोरच्या प्रत्येक ठिकाणापर्यंतचं अंतर मोजतो. त्यातून हाती येतात हजारो बिंदू, प्रत्येकाला x, y, z असे तीन आकडे. यालाच पॉइंट क्लाउड म्हणतात. रोबोटच्या हाताला सक्शन कपाने वरचं खोकं उचलायचं असतं, म्हणून त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: खोक्याचा माथा कुठे आहे, तो कुठल्या दिशेला वळलेला आहे आणि किती लांब-रुंद आहे. बिंदूंना मात्र कडा किंवा कोपरा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ते फक्त विखुरलेले असतात. कल शोधायचा तो या विखुरण्यातूनच.

पहिलं काम म्हणजे सगळ्या बिंदूंची सरासरी काढून ती प्रत्येक बिंदूतून वजा करायची, म्हणजे मोजमाप माथ्याच्या मधूनच सुरू होतं. मग प्रत्येक बिंदूचा x स्वतःशी गुणून सरासरी घ्यायची. हा झाला x दिशेचा व्हेरियन्स, म्हणजे त्या दिशेला बिंदू किती पसरलेत त्याचं माप. y आणि z साठीही तेच. खरी माहिती दडलेली असते ती मिश्र गुणाकारात. प्रत्येक बिंदूचा x त्याच्या y शी गुणून सरासरी घेतली आणि ती धन आली, तर x वाढताना y ही वाढण्याकडे ओढा आहे, म्हणजे आकृती तिरकी पडली आहे. हे सगळे आकडे तीन ओळी आणि तीन स्तंभांत मांडले की कोव्हेरियन्स मॅट्रिक्स तयार होतो. आकडे नऊ, पण xy आणि yx एकच असल्याने वेगळे सहाच.

आता हिशेब करून पाहू. खोक्याचा माथा 60 बाय 40 सेंटिमीटरचा आहे आणि कॅमेऱ्याच्या x अक्षाशी 30 अंशांनी वळलेला आहे. बिंदू एकसारखे पसरलेले असतील तर लांबीच्या दिशेचा व्हेरियन्स लांबीच्या वर्गाच्या बाराव्या भागाइतका, म्हणजे 300 येतो आणि रुंदीच्या दिशेचा 133.3. पण कॅमेऱ्याला हे सरळ दिसत नाही. त्याच्या अक्षांवर x चा व्हेरियन्स 258.3, y चा 175 आणि मिश्र आकडा 72.2 येतो. कोन काढण्याचं सूत्र असं:

```
theta = 0.5 * atan2(2*72.2, 258.3 - 175)
```

उत्तर 30 अंश. कुठलीही कड न शोधता, फक्त सरासऱ्यांवरून.

तीन मितींत हेच काम आयगेनव्हेक्टर करतात. मॅट्रिक्सला एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन दिशा असतात, आणि त्या दिशांनी पाहिलं की मिश्र आकडे शून्य होतात. प्रत्येक दिशेचा पसरटपणा सांगतो तिचा आयगेनव्हॅल्यू. आपल्या खोक्यासाठी ते 300, 133.3 आणि तिसरा अगदी छोटा: कॅमेऱ्याची मोजणी 2 मिलिमीटरने डळमळत असेल तर 0.04. ही सर्वांत कमी पसरटपणाची दिशा म्हणजे माथ्याला लंब असलेली दिशा. ढग सपाट आहे की नाही हेही याच आकड्यावरून कळतं. तो अचानक फुगला, तर शेजारच्या खोक्याचे बिंदू मिसळलेत असं समजावं. बिंदूंना सर्वांत जवळून जाणारं प्रतल शोधण्याची ही कल्पना कार्ल पिअर्सन यांनी 1901 मध्येच मांडली होती.

संगणकावर सगळं मिळून इतकंच:

```
c = P.mean(axis=0)
w, V = np.linalg.eigh(np.cov((P - c).T))
n, u = V[:, 0], V[:, 2]
v = np.cross(n, u)
Q = (P - c) @ np.column_stack([u, v, n])
lo, hi = Q.min(axis=0), Q.max(axis=0)
```

`eigh` आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमाने देतो, म्हणून पहिला स्तंभ लंब दिशेचा आणि शेवटचा लांबीचा. `v` मुद्दाम क्रॉस गुणाकाराने काढला आहे. आयगेनव्हेक्टरला ठरलेलं चिन्ह नसतं, तो उलटा आला तरी बरोबरच असतो. तिन्ही दिशा जशाच्या तशा घेतल्या तर कधीकधी आरशातली चौकट तयार होते, आणि ती रोबोटला फिरवणं म्हणून देताच येत नाही. `n` कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे ना, तेही तपासावं लागतं, नाहीतर सक्शन कप खालून येऊ पाहील. नसेल तर `n` आणि `v` दोन्ही उलटे करायचे. शेवटी पेटीचं केंद्र `c` नव्हे, तर `lo` आणि `hi` यांच्या मधला बिंदू, परत मूळ अक्षांवर आणलेला.

हा फरक किरकोळ वाटतो, पण पद्धतीचा मोठा दोष तिथूनच दिसू लागतो. सरासरी आणि व्हेरियन्स आकृती पाहत नाहीत, बिंदूंची गर्दी पाहतात. समजा, खोक्याच्या एका कोपऱ्यावर चकाकणारी पॅकिंग टेप आहे आणि तिथला 30 बाय 20 सेंटिमीटरचा तुकडा कॅमेऱ्याला दिसलाच नाही. खोकं या वेळी अक्षांना समांतर सरळ ठेवलेलं आहे. हिशेब केला तर x चा व्हेरियन्स 275, y चा 122.2, आणि मिश्र आकडा शून्य यायला हवा तिथे उणे 66.7. कोन येतो साडेवीस अंशांहून थोडा अधिक. खोकं जराही वळलेलं नाही, पण पेटी मात्र तिरकी, सुमारे 70 बाय 48 ची. क्षेत्रफळ खऱ्या माथ्यापेक्षा 40 टक्के जास्त!

यावर उपाय म्हणजे कोव्हेरियन्सकडून तो जे खात्रीने सांगतो तेवढंच घ्यायचं, म्हणजे प्रतल. कोपरा हरवला तरी उरलेले बिंदू त्याच पातळीत असतात, त्यामुळे लंब दिशा सहसा ढळत नाही. मग बिंदू त्या प्रतलावर टाकून त्यांच्याभोवतीची बहिर्वक्र सीमा, म्हणजे कॉन्व्हेक्स हल, काढायची. फ्रीमन आणि शापिरा यांनी 1975 मध्ये सिद्ध केलं की सर्वांत लहान क्षेत्रफळाच्या आयताची एक बाजू या सीमेच्या एखाद्या बाजूवरच असते. त्यामुळे सगळे कोन तपासायची गरज उरत नाही, सीमेच्या बाजूंइतकेच आयत पुरतात. आपल्या कापलेल्या खोक्यात हरवलेल्या कोपऱ्याच्या तिरक्या बाजूवर बसवलेला आयत 3600 चौरस सेंटिमीटरचा होतो आणि सरळ बाजूंवरचा 2400 चा. लहान तोच बरोबर. मात्र ही सीमा एकट्या भरकटलेल्या बिंदूनेही ओढली जाते, म्हणून असे बिंदू आधी गाळून टाकावे लागतात.

खोकं चौरस असेल तर कोव्हेरियन्सकडे कोनाचं उत्तरच नसतं, कारण दोन्ही मोठे आयगेनव्हॅल्यू सारखे असतात आणि कुठलीही दिशा तितकीच योग्य ठरते. जवळजवळ चौरस खोकं जास्त फसवतं. 41 बाय 40 च्या माथ्याला 140.1 आणि 133.3 असे आकडे येतात. आता काही बिंदू गळाल्यामुळे मिश्र आकडा फक्त 3 ने सरकला, तरी कोन सुमारे 21 अंशांनी फिरतो, आणि प्रोग्राम कुठलीही तक्रार न करता तो कोन छापतो. म्हणून पहिले दोन आयगेनव्हॅल्यू एकमेकांच्या जवळ आले की मी कोव्हेरियन्सचा कोन सोडून थेट सीमेवरच्या आयताकडे वळतो.

पेटी चुकली हे ओळखायला एक सोपी तपासणी आहे: पेटीचा किती भाग बिंदूंनी खरोखर व्यापलाय ते पाहायचं. पूर्ण दिसलेल्या माथ्याची नीट बसलेली पेटी जवळपास भरलेली असते. कोपरा हरवलेल्या खोक्यात सरळ पेटी 75 टक्के भरते, तर कोव्हेरियन्सवरून आलेली तिरकी पेटी जेमतेम 53 टक्के.