माल उशिरा कोणाचा? आधी कामाचे दिवस मोजा



कापडाच्या धंद्यात "माल वेळेवर आला नाही" ही तक्रार रोजची आहे. पण "किती उशिरा?" असे विचारले की आपण बोटांवर तारखा मोजतो आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतो. मीही वर्षानुवर्षे हेच करत आलो. या मोजणीत माझ्याकडून धुळ्याच्या एका यंत्रमागवाल्यावर अन्याय झाला आणि माझेही नुकसान झाले. तो हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो.

माझे दुकान जळगावात आहे. रोजच्या वापराच्या साध्या साड्या मी दोन ठिकाणांहून घेतो. एक धुळ्याचा मागवाला आणि दुसरी सुरतची पार्टी. 2025 साली 20 मार्च, गुरुवार, या दिवशी दोघांनाही ऑर्डर दिली. दोघांनीही 14 कामाचे दिवस कबूल केले. योगायोग असा की दोघांचाही माल 9 एप्रिल, बुधवारी रवाना झाला. माझ्या मोजणीने दोघांना 20 दिवस लागले. मी मनात म्हटले, सुरत लांब, धुळे घराजवळ, तरी दोघे सारखेच! मग धुळेवाल्याला जास्त काम का द्यायचे? मी त्याला फोनवर चार शब्द सुनावले आणि मे महिन्याची मोठी ऑर्डर सुरतला दिली.

चूक कुठे झाली ते पाहू. त्या 20 दिवसांत दोघांचे कामाचे दिवस सारखे नव्हते. आपल्या भागातील बऱ्याच यंत्रमागांना शुक्रवारची सुटी असते. मालेगावात तर गावातले माग शुक्रवारी बंद राहतात हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या धुळ्याच्या मागवाल्याचेही तसेच. सुरतची पार्टी रविवारी बंद असते. शिवाय त्या वर्षी 31 मार्चला रमजान ईद आली. धुळेवाल्याने 31 मार्च ते 4 एप्रिल असे पाच दिवस माग बंद ठेवले होते आणि ही यादी ऑर्डर घेतानाच मला सांगितली होती. सुरतच्या यादीत 30 मार्चचा पाडवा, 31 मार्चची ईद आणि 6 एप्रिलची रामनवमी होती.

आता मोजणी करा. ऑर्डरचा दिवस धरायचा नाही, 21 मार्चपासून सुरुवात करायची. 9 एप्रिलपर्यंत 20 दिवस होतात. धुळ्याचे तीन शुक्रवार गेले, 21 आणि 28 मार्च व 4 एप्रिल. ईदचे पाच दिवस आहेत, पण त्यांतला 4 एप्रिल हा शुक्रवारच आहे. तो एकदा वजा झाला, म्हणून ईदचे चारच दिवस धरायचे. 20 मधून 7 गेले, राहिले 13. कबूल 14 होते, म्हणजे माल एक दिवस लवकर आला!

सुरतचे तीन रविवार गेले, 23 आणि 30 मार्च व 6 एप्रिल. यादीतला पाडवा आणि रामनवमी दोन्ही रविवारीच पडले होते. म्हणून वेगळी सुटी एकच, 31 मार्च. 20 मधून 4 गेले, राहिले 16. म्हणजे दोन दिवस उशीर. मी ज्याला बोललो तो वेळेत होता आणि ज्याला शाबासकी दिली तो उशिरा होता.

हाताने मोजताना सर्वांत जास्त चूक याच जागी होते. रविवारी पडलेला सण आपण रविवार म्हणून वजा करतो आणि सण म्हणून पुन्हा वजा करतो. सुरतच्या हिशेबात कोणी तीन रविवार आणि तीन सण असे सहा दिवस वजा केले तर बरोबर 14 उरतात आणि दोन दिवसांचा उशीर वहीतून गायब होतो.

हे काम संगणकावरील एक्सेल किंवा गुगल शीट चुका न करता करते. मात्र त्याला आपला आठवडा सांगावा लागतो. माझ्या मुलाने आधी `NETWORKDAYS` हे साधे सूत्र घातले होते. ते शनिवार आणि रविवार दोन्ही सुटी धरते. दफ्तरांना ते ठीक आहे, पण आपल्या धंद्यात शनिवार कामाचा. त्या सूत्राने सुरतचे 16 दिवस 13 दाखवले आणि उशिरा आलेला माल लवकर आलेला ठरला. म्हणून `NETWORKDAYS.INTL` हे सूत्र घ्यावे. त्यात फक्त रविवार सुटी असेल तर 11 आणि फक्त शुक्रवार सुटी असेल तर 16 हा आकडा लिहायचा. ऑर्डरची तारीख B रकान्यात, माल रवाना झाल्याची तारीख C रकान्यात, धुळ्याची सुट्यांची यादी K मध्ये आणि सुरतची L मध्ये असेल, तर धुळ्याच्या ओळीसाठी पहिले आणि सुरतच्या ओळीसाठी दुसरे सूत्र असे:

```
=NETWORKDAYS.INTL(B2+1, C2, 16, $K$2:$K$20)
=NETWORKDAYS.INTL(B3+1, C3, 11, $L$2:$L$20)
```

`B2+1` लिहिण्याचे कारण असे की हे सूत्र दोन्ही टोकांचे दिवस मोजते. एक मिळवला नाही तर ऑर्डरचा दिवसही मोजणीत येतो. `$` चिन्ह विसरू नका. ते नसेल तर सूत्र खाली ओढताना सुट्यांची यादीही खाली सरकते, वरच्या सुट्या सुटतात आणि खालच्या ओळींत विनाकारण उशीर दिसू लागतो. तारीख टाकल्यावर ती खान्याच्या डाव्या कडेला चिकटली तर बहुधा संगणकाने तिला तारीख नव्हे, अक्षरे समजले आहे. ती पुन्हा टाका. उशीर काढायला वेगळे सूत्र नको. लागलेल्या दिवसांतून कबूल केलेले दिवस वजा करा, की झाले. उत्तर उणे आले तर माल लवकर आला.

आता तीन गोष्टी, ज्या संगणक ठरवू शकत नाही. त्या आपणच ठरवायच्या.

पहिली, माल कोणत्या तारखेला आला असे धरायचे? सुरतचा माल दुकानात उतरतो त्या दिवशी नव्हे, तर ज्या दिवशी ट्रान्सपोर्टची बिल्टी फाटली त्या दिवशी पार्टीचे काम संपले. त्यानंतर गाडी गोदामात पडून राहिली तर तो उशीर ट्रान्सपोर्टचा. त्याचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जाईल. माल दोन खेपांत आला तर शेवटच्या खेपेची तारीख धरावी.

दुसरी, सुट्यांची यादी ऑर्डरच्या वेळीच पक्की करायची. माल उशिरा आल्यावर पार्टी सांगू लागते की अमुक दिवशी वीज नव्हती, तमुक दिवशी कारागिराच्या घरी लग्न होते. हे खरे असेल, पण ही सुटी नव्हे. हेच उशिराचे कारण आहे. ते शेरा म्हणून लिहा, यादीत घालू नका. अशा दिवसांना यादीत जागा दिली तर कोणाचाच उशीर कधी दिसणार नाही. अपवाद एकच, चंद्रावर अवलंबून असलेले सण. सरकारी यादी वर्षाआधी निघते, पण ईदची तारीख एका दिवसाने हलू शकते. कधी सरकारही बदल करते. 2025 साली ईद-ए-मिलादची सुटी मुंबई शहर आणि उपनगरासाठी 5 सप्टेंबरवरून 8 सप्टेंबरला नेली गेली, बाकी राज्यात 5 तारीखच राहिली. म्हणून मुंबईची पार्टी असेल तर तिची यादी वेगळी ठेवावी.

तिसरी गोष्ट सरासरीची. सहा ऑर्डरींचे लागलेले दिवस मी काढले. धुळ्याचे 13, 12, 14, 13, 12, 14. सुरतचे 16, 9, 10, 9, 24, 10. दोन्हींची बेरीज 78 आणि सरासरी 13. कबूल 14, म्हणजे सरासरीने दोघेही एक दिवस लवकर! पण धुळ्याची एकही ऑर्डर 14 च्या पुढे गेली नाही. सुरतच्या दोन गेल्या आणि त्या दोनचा उशीर सरासरी सहा दिवसांचा. लवकर आलेल्या मालाने उशिरा आलेला माल झाकला गेला. म्हणून प्रत्येक पार्टीपुढे तीन आकडे लिहावेत. सरासरी दिवस, सहांपैकी किती ऑर्डरी उशिरा, आणि सर्वांत जास्त लागलेले दिवस. जी ऑर्डर अजून आलीच नाही ती सरासरीत धरली जात नाही. तिचे आजपर्यंतचे दिवस वेगळे मोजून समोर ठेवा, नाहीतर सर्वांत वाईट पार्टीच कागदावर चांगली दिसेल.

सुरतचे ते 24 दिवस म्हणजे मे महिन्याची तीच मोठी ऑर्डर. 3 मे, शनिवारी दिली. रविवार सोडून 14 दिवस मोजले तर 20 मेला बिल्टी व्हायला हवी होती. ती 31 मेला झाली. माल दुकानात लागेपर्यंत लग्नसराई सरत आली होती आणि 7 जूनची बकरी ईद तोंडावर होती. निम्म्याहून जास्त साड्या तशाच पडून राहिल्या. धुळेवाल्याचे माग त्याच दिवसांत कामाविना होते हे मला नंतर कळले.

आता सणासुदीची ऑर्डर देताना मी सरासरी पाहत नाही. त्या पार्टीला सर्वांत जास्त किती दिवस लागले ते पाहतो आणि तेवढे दिवस मागे मोजून ऑर्डरची शेवटची तारीख काढतो.

जाता जाता एक सावधगिरी. ही सुट्या वजा करण्याची रीत मालाच्या वायद्यासाठी आहे, पैशाच्या वायद्यासाठी नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे कराराने ठरवलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपुढे जाऊ शकत नाही. ते दिवस साधे, सुट्यांसकट मोजायचे. मागवाल्याच्या पैशाचे दिवस मोजताना त्याचे शुक्रवार वजा करू नका.