पोर्ट ४७८६: स्विच आज थांबवायचा की महिन्याने?

रुग्णालयाच्या ओपीडीत केस पेपर काढणाऱ्या संगणकाची वायर भिंतीतून पुढे कुठे जाते, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती जाते जिन्याखालच्या जाळीच्या कपाटात, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस पोर्टांच्या एका चपट्या पेटीत. ही पेटी म्हणजे स्विच. नोंदणी, लॅबचे रिपोर्ट, नर्सिंग स्टेशनचे फोन, सीसीटीव्ही हे सगळं तिच्यातून जातं. तिच्या आतही एक सॉफ्टवेअर असतं, आणि त्यात सुरक्षेची त्रुटी सापडली की कंपनी ती जाहीर करते, सोबत दुरुस्त आवृत्ती देते. त्या दिवशी नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो: ही दुरुस्ती आजच करायची, की पुढच्या ठरलेल्या रविवारी?

मोबाइलचं अपडेट झोपताना लावून देता येतं, स्विचचं तसं नसतं. नवीन सॉफ्टवेअर लागू व्हायला स्विच रीलोड करावा लागतो, आणि तो पुन्हा उभा राहीपर्यंतची पाच-दहा मिनिटं, कधी त्याहूनही जास्त, त्याच्यावरचं सगळं बंद असतं. फोन आणि कॅमेऱ्यांना वीजही त्याच वायरीतून मिळत असेल तर तेही विझतात. जुन्या स्विचच्या मेमरीत नवी फाइल मावत नाही. फाइल अर्धवट उतरली तर स्विच `switch:` एवढंच लिहून थांबतो, आणि मग कन्सोल केबल घेऊन कुणीतरी त्या कपाटापाशी जाऊन बसावं लागतं. असे चाळीस स्विच असतील तर ‘सगळे आजच करा’ हा आदेशच धोकादायक ठरू शकतो.

हा निर्णय कसा घ्यावा, हे समजून घ्यायला सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉलचं प्रकरण फार उपयोगाचं आहे. स्मार्ट इन्स्टॉल ही सोय होती. शाखेत नवा स्विच नुसता जोडायचा, मग मुख्य कार्यालयातला ‘डायरेक्टर’ त्याला सॉफ्टवेअर आणि सेटिंग आपोआप पाठवणार. त्यासाठी नवा स्विच, म्हणजे ‘क्लायंट’, टीसीपी पोर्ट ४७८६ वर कान लावून बसतो. अडचण अशी की समोरून बोलणारा खरोखर डायरेक्टर आहे का, हे तो विचारतच नाही. ही सोय मुळातच चालू असायची आणि स्विच बसवून झाल्यावरही तशीच चालू राहायची. अनेकांनी ती कधी वापरलीच नव्हती, त्यामुळे ती चालू आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

२८ मार्च २०१८ रोजी सिस्कोने याच सोयीतली एक त्रुटी जाहीर केली. तिचा क्रमांक `CVE-2018-0171`, आणि गंभीरतेचे गुण दहापैकी ९.८. पोर्ट ४७८६ वर मुद्दाम बिघडवलेला संदेश पाठवला की स्विच कोसळतो, किंवा पाठवणाऱ्याचा कोड स्विचवर चालतो. पासवर्ड लागत नाही. नवव्या दिवशी, ६ एप्रिलला, इराण आणि रशियातल्या स्विचांवर हल्ला झाला. सेटिंग पुसली गेली आणि त्या जागी अमेरिकेच्या झेंड्याचं अक्षरचित्र व आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका असा मजकूर दिसू लागला. एकट्या इराणमध्ये सुमारे ३,५०० स्विच बाधित झाल्याचं तिथल्या सरकारने सांगितलं. सिस्कोच्याच टालोस या संशोधन गटाला त्या सुमारास इंटरनेटवरून दिसू शकणारी अशी १,६८,००० उपकरणं आढळली होती.

९.८ हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण तो त्रुटीचा आकडा आहे, तुमच्या इमारतीचा नाही. तुमच्या स्विचचा पोर्ट ४७८६ कुणाला दिसतो आणि तुम्हाला ही सोय हवी आहे का, यातलं काहीच त्या आकड्याला माहीत नसतं. घाई किती करायची, हे माझ्या मते या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच ठरायला हवं.

जिल्ह्याच्या ठिकाणचं एक रुग्णालय डोळ्यांपुढे आणू. त्यात चाळीस स्विच आहेत. पहिलं काम यादीचं. प्रत्येक स्विचवर जाऊन विचारायचं:

```
show vstack config | include Role
```

उत्तर `Role: Client (SmartInstall enabled)` असं आलं, तर तो स्विच ऐकतोय. `disabled` आलं, तर या त्रुटीपुरता तो सुरक्षित आहे, मग त्याचं सॉफ्टवेअर कितीही जुनं असो. डायरेक्टरच्या भूमिकेतल्या उपकरणाला ही त्रुटी लागू होत नव्हती. ही एक ओळ विचारल्यावर यादीतली बरीच नावं गळतात.

दुसरं काम म्हणजे पोहोच तपासणं, आणि ते कागदावरच्या नकाशावरून करू नये. लॅपटॉप घेऊन प्रतीक्षा कक्षात बसायचं, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ठेवलेल्या वायफायला जोडायचं आणि तिथून स्विचचा पत्ता ठोठावायचा:

```
nmap -p 4786 10.20.0.11
```

`open` आलं तर त्या बाकावर बसलेला कुणीही स्विचपर्यंत पोहोचू शकतो. `filtered` आलं तर मध्ये काहीतरी अडवतंय. `closed` म्हणजे स्विचपर्यंत वाट आहे, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. नकाशात ‘पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं’ असं लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात मधला मुख्य स्विचच दोन नेटवर्कांमधली वाहतूक बिनतक्रार पलीकडे नेत असतो. मुख्य स्विचचा तर प्रत्येक नेटवर्कमध्ये एकेक स्वतःचा पत्ता असतो, आणि ४७८६ वर तो त्या सगळ्याच पत्त्यांवर ऐकतो. म्हणून एका पत्त्यावर दार बंद दिसलं तरी निश्चिंत होऊ नये, पाहुण्यांच्या बाजूचा पत्ताही तपासावा. शेवटी हीच चाचणी बाहेरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून, रुग्णालयाच्या सार्वजनिक पत्त्यांवर करायची.

समजा, तीन गट निघाले. एका स्विचला लीज लाइन थेट जोडलेली आहे, त्याला सार्वजनिक पत्ता आहे आणि त्याचं ४७८६ जगाला उघडं आहे. मुख्य स्विच पाहुण्यांच्या वायफायमधून दिसतो. उरलेले अडतीस फक्त आयटी विभागाच्या नेटवर्कमधून दिसतात. रुग्णालयाला स्मार्ट इन्स्टॉल कशालाच लागत नाही.

इथे तोडग्याचा प्रश्न येतो. ही सोय न वापरणाऱ्यांसाठी सिस्कोने दिलेला उपाय दोन शब्दांचा होता:

```
configure terminal
no vstack
end
write memory
```

यासाठी रीलोड लागत नाही. वाहतूक क्षणभरही थांबत नाही, पोर्टवर ऐकणंच बंद होतं, आणि ज्याच्यापर्यंत संदेश पोहोचत नाही त्या कोडमधली चूक बाहेरच्याला वापरता येत नाही. चाळीस स्विचांवर हे दुपारच्या दोन तासांत होतं. शेवटची ओळ मात्र विसरायची नाही. ती राहिली आणि रात्री वीज गेली, तर स्विच जुन्या सेटिंगसह उठतो आणि दार पुन्हा उघडं.

असं केल्यावर अडतीस स्विचांची निकड उतरते. त्यांचा पॅच महिन्याभरात, रविवारी पहाटे, एकेक मजला घेऊन, वॉर्डाला आधी सांगून करता येतो. मुख्य स्विच थोडा पुढे घ्यावा, कारण त्याला पाहुण्यांच्या बाजूने वाट आहे आणि पुढची त्रुटी आली तर तिलाही हीच वाट मिळेल. पॅचइतकंच तिथे पाहुण्यांच्या नेटवर्कवर एसीएल लावणं महत्त्वाचं आहे.

लीज लाइनवरच्या स्विचची गोष्ट वेगळी. त्याच्यावर `no vstack` पहिल्या दहा मिनिटांत, कुणाचीही परवानगी येण्याची वाट न पाहता. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. तो किती दिवस उघडा होता? तेवढ्या दिवसांत कुणी आत येऊन गेलं असेल, असंच धरून चालायचं. सध्याची सेटिंग जुन्या बॅकअपशी ओळ न् ओळ ताडून पाहायची. अनोळखी युजर, अनोळखी टीएफटीपी पत्ता, नवा टनेल असं काही आहे का? आणि पासवर्ड बदलायचे, कारण सेटिंगची फाइल बाहेर गेली असेल तर तिच्यात एसएनएमपीचे परवलीचे शब्द सरळ वाचता येतात, आणि ‘टाइप ७’ने झाकलेले पासवर्ड कुणालाही काही क्षणांत उलगडता येतात. हा स्विच त्याच रात्री पॅच करायचा. बंद दार आत आलेल्याला बाहेर काढत नाही.

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. मार्च २०१८ चा पॅच एक विशिष्ट चूक दुरुस्त करत होता. ओळख न विचारता आज्ञा पाळण्याचा प्रोटोकॉलचा मूळ स्वभाव त्याने बदलत नव्हता. त्या स्वभावाच्या गैरवापराबद्दल सिस्कोने फेब्रुवारी २०१७ मध्येच सावध केलं होतं, आणि एप्रिल २०१८ मध्येही आपल्याला दिसलेले हल्ले या गैरवापराचेच आहेत असं टालोसने सांगितलं. म्हणजे ज्याने घाईघाईने पॅच केला आणि `vstack` चालूच ठेवला, त्याच्या स्विचची सेटिंग बाहेरचा माणूस तरीही उचलून नेऊ शकत होता. ज्याने पॅच न करता `no vstack` लिहिलं, तो दोन्हींतून वाचला. तोडगा नेहमी पॅचपेक्षा कमी प्रतीचा असतो असं आपण धरून चालतो, पण इथे उलट होतं.

पण असा तोडगा सगळ्यांना मिळत नाही. ज्यांना स्मार्ट इन्स्टॉल खरोखर हवंच होतं, त्यांच्यासाठी या त्रुटीवर तोडगा नाही, असं सिस्कोने स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी ४७८६ फक्त डायरेक्टरच्या पत्त्याला उघडं ठेवावं, बाकी सगळ्यांना एसीएलने नाकारावं, आणि पॅच मात्र लवकर करावा. तीच अवस्था ज्यांच्या जुन्या आवृत्तीत `no vstack` ही आज्ञाच नव्हती त्यांची. आणखी एक खाच होती. कॅटॅलिस्ट मालिकेतल्या काही मोठ्या मॉडेलांच्या ठरावीक आवृत्त्यांत `no vstack` लिहून, सेव्ह करूनही रीलोडनंतर टिकत नसे. स्विच उठायचा तो पुन्हा ऐकतच. त्यामुळे पहिल्या रीलोडनंतर `show vstack config` पुन्हा विचारल्याशिवाय यादीत त्या स्विचपुढे बरोबरची खूण करायची नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये, त्रुटी जाहीर होऊन सात वर्षं उलटल्यावर, एफबीआय आणि टालोसने पुन्हा इशारा दिला. रशियाच्या एफएसबीशी जोडलेला एक गट हीच `CVE-2018-0171` वापरून जुन्या, आयुष्य संपलेल्या उपकरणांत शिरत होता, आणि अमेरिकेतल्या महत्त्वाच्या क्षेत्रांतल्या हजारो उपकरणांच्या सेटिंगच्या फाइली त्याने गोळा केल्या होत्या. अशा जुन्या स्विचला कदाचित पॅच मिळणारही नाही, पण `no vstack` अजूनही लिहिता येतं.

आपल्या रुग्णालयाच्या यादीत म्हणून एक रकाना वाढवावा लागतो, स्विच बदलल्याच्या तारखेचा. दोन वर्षांनी तिसऱ्या मजल्यावरचा स्विच जळतो, कपाटातून त्याच मॉडेलचा जुना स्पेअर काढून बसवला जातो, ओपीडी वीस मिनिटांत सुरू होते. स्पेअरमध्ये सॉफ्टवेअर २०१६ चं असतं आणि `vstack` चालू असतं. त्या संध्याकाळी लॅपटॉप घेऊन पुन्हा प्रतीक्षा कक्षात बसायचं आणि तोच पत्ता ठोठावायचा.