तेलावरचं आयात शुल्क : फोडणी महागली, पण पैसा गेला कुणाकडे?

14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वाढवलं. कच्चं सोयाबीन तेल, पामतेल आणि सूर्यफूल तेल यांच्यावर मूळ सीमाशुल्क शून्य होतं, ते 20 टक्के झालं. त्यावर कृषी अधिभार 5 टक्के, आणि या 25 टक्क्यांवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी अडीच टक्के. सगळं मिळून साडेसत्तावीस टक्के. आधी हाच आकडा साडेपाच टक्के होता. म्हणजे एका रात्रीत 22 टक्क्यांची वाढ.

लातूर आणि नांदेडच्या लोकांसाठी ही बातमी दोन्ही बाजूंनी घरचीच होती. इथला शेतकरी खरिपात सोयाबीन पेरतो, लातूरच्या बाजार समितीत त्याचा सौदा होतो, आणि तोच शेतकरी महिन्याला तेलाचा पुडाही दुकानातून विकतच आणतो. त्यामुळे "शुल्क वाढलं, चांगलं झालं की वाईट?" या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. कुणाच्या खिशातून किती गेले आणि कुणाच्या खिशात किती आले, हे वेगवेगळं मोजावं लागतं. अर्थशास्त्रात त्यासाठी आधिक्य ही कल्पना वापरतात.

उपभोक्त्याचं आधिक्य म्हणजे काय? तेलाला तुम्ही किलोमागे 150 रुपयेही द्यायला तयार होता, पण ते 100 ला मिळालं, तर वाचलेले 50 रुपये हे तुमचं आधिक्य. उत्पादकाचं आधिक्य याच्या उलट बाजूने बघायचं. तेल काढायला मिलला 80 रुपये खर्च आला आणि ते 100 ला विकलं गेलं, तर 20 रुपये तिचं आधिक्य. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढचं सोपं आहे.

आता वहीचं कोरं पान घ्या. आडव्या अक्षावर तेलाचं प्रमाण, उभ्या अक्षावर किंमत. मागणीची रेषा डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरते. देशी पुरवठ्याची रेषा डावीकडे खालून उजवीकडे वर चढते. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना कापतात, तिथली किंमत म्हणजे बाहेरून थेंबभरही तेल आलं नाही तर जी असती ती. आपल्या उदाहरणात ती 160 रुपये धरू. पण जगाच्या बाजारात तेल 100 रुपये किलो मिळतंय. म्हणून 100 वर एक आडवी रेषा मारा. ही रेषा दोन्ही रेषांना छेदनबिंदूच्या खाली कापेल. आधी, डावीकडे, पुरवठ्याच्या रेषेला 40 लाख किलोवर, आणि पुढे उजवीकडे मागणीच्या रेषेला 100 लाख किलोवर. मधलं अंतर 60 लाख किलो, तीच आयात. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. पण प्रमाण अगदीच हवेतलं नाही, भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरूनच आणतो.)

आता सरकारने किलोमागे 20 रुपये शुल्क लावलं. 120 वर दुसरी आडवी रेषा मारा. देशी मिलला आता 120 मिळतात म्हणून ती जास्त गाळप करते, 40 चे 50 लाख किलो होतात. घरोघरी हात आखडता घेतला जातो, मागणी 100 वरून 90 वर येते. आयात उरली 40 लाख किलो.

100 आणि 120 या दोन आडव्या रेषांच्या मधे, मागणीच्या रेषेच्या डावीकडे, एक पट्टा तयार झालाय बघा. सगळी गोष्ट या पट्ट्यात आहे. पुरवठ्याची तिरकी रेषा आणि दोन उभ्या तुटक रेषा मारल्या की त्याचे चार तुकडे पडतात. डावीकडून त्यांना क, ख, ग, घ अशी नावं देऊ.

आधी पूर्ण पट्टा मोजा. तो समलंब चौकोन आहे. खालची बाजू 100, वरची 90, उंची 20. क्षेत्रफळ 1900, म्हणजे 1900 लाख, म्हणजेच 19 कोटी रुपये. हे सगळे उपभोक्त्यांनी गमावले.

क हा सगळ्यात डावीकडचा तुकडा, पुरवठ्याच्या रेषेच्या डाव्या अंगाचा. खालची बाजू 40, वरची 50, उंची 20, क्षेत्रफळ 900. हे 9 कोटी देशी उत्पादकाकडे गेले. यात एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. उत्पादकाला फायदा फक्त वाढीव 10 लाख किलोवर होत नाही. आधीचे 40 लाख किलो तो तसेही काढतच होता, त्यावरही आता किलोला 20 रुपये जास्त मिळतात. फायद्याचा मोठा भाग तिथूनच येतो.

ग हा मधला आयत आहे. रुंदी 40, उंची 20, क्षेत्रफळ 800. हे 8 कोटी सरकारच्या तिजोरीत.

9 आणि 8 मिळून 17. गेले होते 19. मग उरलेले 2 कोटी कुठे गेले? ते कुणाच्याच खिशात नाहीत. ख आणि घ हे दोन त्रिकोण, प्रत्येकी 1 कोटीचे, यांनाच डेडवेट लॉस म्हणतात. ख मध्ये काय झालं? जे 10 लाख किलो तेल बाहेरून 100 ला मिळत होतं, तेच आपण 100 ते 120 खर्च करून घरी काढलं. जादा मजुरी, वीज, कच्चा माल त्यात जिरला. घ मध्ये ज्या 10 लाख किलोची ग्राहकाला 100 पेक्षा जास्त किंमत वाटत होती, ते त्याने घेतलंच नाही. परीक्षेत या दोन त्रिकोणांचा खुलासा वेगवेगळा लिहा, "नुकसान होते" एवढ्यावर गुण मिळत नाहीत.

आलेख इथे संपतो, पण लातूरची गोष्ट इथे संपत नाही. क हा तुकडा "देशी उत्पादकाचा", असं पुस्तक म्हणतं. पण तेलाचा उत्पादक कोण? मिल की शेतकरी? शुल्क लागलं तेलावर, आणि शेतकरी तेल विकत नाही, तो बी विकतो.

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते. तेल किलोला 20 रुपयांनी वाढलं असं धरलं, तर एका क्विंटलमागे मिलच्या हातात 360 रुपये जास्त येतात. मिलने ते सगळेच्या सगळे शेतकऱ्याला दिले तरी भाव वाढेल तो जास्तीत जास्त 360 ने. आता पेंडीकडे बघा. पेंड किलोला फक्त 5 रुपयांनी उतरली तर 80 गुणिले 5, म्हणजे 400 रुपये गेले. तेलाची सगळी कमाई तिथेच संपली, वर 40 रुपये तोटा.

2024 च्या हंगामात बरंचसं असंच झालं. मक्यापासून इथेनॉल करताना डीडीजीएस नावाचा चोथा उरतो, तो कोंबडीखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. जगातही सोयाबीनचं पीक भरपूर होतं. पेंडीला उठाव राहिला नाही. केंद्राने सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये जाहीर केला होता, पण मराठवाड्यातल्या बाजारात भाव त्याच्या खालीच रेंगाळत राहिला. शुल्क वाढवूनही भाव का चढत नाही, असं लोक विचारत होते, त्याचं मोठं कारण या 80 किलोंत आहे. तेलबियांचं संरक्षण तेलाच्या दारातून करायला गेलं की सोयाबीनच्या बाबतीत ते अर्धवटच पोचतं. करडई किंवा भुईमुगात तेलाचा वाटा मोठा असल्यामुळे ते जास्त पोचू शकतं.

आता घराचा हिशोब मांडा. महिन्याला 4 किलो तेल लागणारं कुटुंब, किलोला 20 रुपये जास्त, म्हणजे वर्षाला 960 रुपये. 10 क्विंटल सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याला 360 रुपये पूर्ण मिळाले तर 3600 येतात, तो फायद्यात. त्याला क्विंटलमागे 96 रुपयांपेक्षा कमी वाढ मिळाली तर तोही तोट्यात. आणि शेतमजूर किंवा नांदेडच्या दुकानात कामाला असलेला माणूस? त्याच्याकडे विकायला बी नाही. त्याच्या वाट्याला नुसताच पट्टा, क तुकडा नाही.

ग या आयताबद्दलही एक बारीक गोष्ट. मूळ सीमाशुल्कातला वाटा राज्यांना मिळतो, अधिभाराचा मिळत नाही, तो केंद्राकडेच राहतो. शिवाय हा आयत गळतो. नेपाळमधून दक्षिण आशियाई व्यापार करारानुसार शुद्ध केलेलं तेल शून्य शुल्काने येतं. शुल्क वाढलं की त्या वाटेने माल वाढतो. तसं झालं की सरकारचा आयत अरुंद होतो.

आणखी एक मर्यादा. आपण जागतिक किंमत 100 वर खिळवून ठेवली. पण भारत खाद्यतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार आहे. आपण खरेदी कमी केली तर बाहेरची किंमत थोडी उतरू शकते, आणि मग शुल्काचा काही भार परदेशी विक्रेत्यावर पडतो. उलटही होतं, दुसऱ्याच कारणाने जागतिक भाव चढतो आणि आपण सगळा दोष शुल्काला देतो. ओळखायचं कसं? 100 ची रेषा वर सरकली की 100 आणि 120 मधलं अंतर, हा तेवढाच शुल्काचा भाग. बाकी वाढ बाहेरून आलेली.

30 मे 2025 रोजी सरकारने कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 चं 10 टक्के केलं, एकूण भार साडेसोळा टक्क्यांवर आला. आपल्या आलेखात शुल्क 10 रुपये करून बघा. देशी उत्पादन 45, मागणी 95, आयात 50. आधीच्या तुलनेत उपभोक्त्यांना 9.25 कोटी परत मिळतात, उत्पादकांचे 4.75 कोटी जातात, सरकारचे 3 कोटी जातात. आणि दोन त्रिकोण मिळून 2 कोटींवरून 50 लाखांवर येतात. शुल्क निम्मं झालं तर वाया जाणारा पैसा निम्मा नाही, चौथाई होतो, कारण त्रिकोणाची उंचीही निम्मी होते आणि पायाही. 110 ची रेषा वहीत स्वतः मारा आणि क चं क्षेत्रफळ 425 येतं का ते तपासा.