देवीच्या रुग्णाभोवतीचं कडं

1973 चा पावसाळा संपला तेव्हा भारतात देवीचा रोग मुख्यतः चार राज्यांत उरला होता : उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेश. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. पण अचलपूर-परतवाड्याहून उत्तरेला निघालं की बहिरमच्या पुढे बैतूल जिल्हा लागतो, आणि या वाटेने मजूर, व्यापारी, सोयरेधायरे यांची ये-जा कायमची. अशा सीमेवरच्या गावांत देवी शिरू नये आणि शिरलीच तर पसरू नये, यासाठी काय करायचं?

सगळ्यांना लस टोचायची, हे पहिलं उत्तर होतं. 1962 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो याच हेतूने. टोचण्यांचे आकडे फुगत गेले, तरी साथी येतच राहिल्या. शाळेतली, सहज सापडणारी मुलं पुन्हापुन्हा टोचली जात. तान्ही बाळं, भटकी कुटुंबं, कामासाठी गाव सोडलेली माणसं सुटत. दाट वस्तीत रोगाला जिवंत राहायला एवढी सुटलेली माणसं पुरेशी होती.

दुसरं उत्तर डिसेंबर 1966 मध्ये पूर्व नायजेरियात सापडलं. डॉ. विल्यम फेगी यांच्याकडे सर्वांना पुरेल इतकी लस नव्हती. त्यांनी तिथल्या मिशनऱ्यांना रेडिओवरून विचारलं, देवीचे रुग्ण नेमके कुठे आहेत? मग त्या गावांत, आणि तिथली माणसं बाजाराला किंवा नातेवाइकांकडे जिथे जातात अशा ठिकाणी लस दिली. काही आठवड्यांत साथ थांबली.

हे जमलं ते देवीच्या विषाणूच्या स्वभावामुळे. संसर्गानंतर साधारण बारा दिवस माणूस धडधाकट दिसतो आणि कुणाला रोग देत नाही. मग जोराचा ताप येतो, दोन-तीन दिवसांनी पुरळ उठतो आणि तेव्हापासून रोग पसरू लागतो, तोही बहुतेक जवळच्या सहवासातून. संसर्ग झाल्यावरही तीन-चार दिवसांत लस टोचली, तर रोग टळतो किंवा सौम्य होतो. म्हणजे विषाणूला गाठण्यासाठी वेळ मिळतो.

समजा, त्या काळी एक मजूर बैतूलकडून अचलपूरजवळच्या आपल्या गावी ताप घेऊन परतला. पुरळ उठल्याच्या चौथ्या दिवशी पथक पोचलं. घरातली माणसं, शेजारी, भेटून गेलेले सोयरे यांची यादी झाली. आधी घर, मग सगळं गाव टोचलं. पाहुणा परतला असेल त्या गावीही माणूस गेला. रुग्णाच्या दाराशी दिवसरात्र पहारेकरी बसले. लस घेतल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. घरच्यांना बाहेर पडावं लागू नये म्हणून धान्याची सोय केली. तरीही मजुराची बायको दोन आठवड्यांनी आजारी पडू शकते, पण तोवर तिच्याभोवतीचे सगळे सुरक्षित झालेले असतात. साखळी तिथेच तुटते. पथक विसाव्या दिवशी आलं, तर मात्र दुसऱ्या पिढीचे रुग्ण उठलेले असतात आणि प्रत्येकाभोवती नवं कडं घालावं लागतं.

म्हणून खरी कसोटी रुग्ण लवकर सापडण्याची होती. 1973 च्या शरदात उत्तरेत घरोघर शोध सुरू झाला आणि नोंदच नसलेले हजारो रुग्ण पुढे आले. देवी म्हणजे मातेचा कोप मानून घरचे रुग्ण लपवत. कार्यकर्ते रुग्णाचा फोटो दाखवून शाळेत, बाजारात विचारत. देवी की कांजण्या, हेही ओळखावं लागे : देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तळव्यांवरही, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेतले, कांजण्यांचे पोटापाठीवर जास्त, काही नवे तर काही सुकलेले. पुढे रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस लागलं. ते वाढत हजार रुपयांवर गेलं, आणि ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ ही अक्षरं महाराष्ट्रातल्या भिंतींवर आली.

1974 मध्ये देशात एक लाख ऐंशी हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. मे 1975 मध्ये बिहारच्या कटिहार जिल्ह्यात देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला. त्याच महिन्यात आसामातल्या करीमगंजला बांगलादेशातून आलेल्या एका बाईला देवी निघाल्या. तिच्यानंतर भारतात एकही रुग्ण नाही. 8 मे 1980 रोजी जग देवीमुक्त जाहीर झालं.

हीच युक्ती प्रत्येक रोगाला लागू पडत नाही. पोलिओचा विषाणू लक्षणं न दाखवता शेकडो मुलांतून फिरतो, करोना लक्षणांआधीच पसरतो. तिथे कडं कुणाभोवती घालायचं हेच वेळेत कळत नाही. इबोलाचा रुग्ण मात्र आजारी दिसू लागल्यावरच रोग पसरवतो. म्हणून 2015 साली गिनीमध्ये इबोलाची लस रुग्णाच्या संपर्कातल्यांना देऊन तपासली गेली, आणि ती परिणामकारक ठरली. आजारी दिसल्यावरच जो रोग पसरतो, आणि ज्याची लस पुढच्या पिढीच्या आधी काम करते, त्याच रोगाला कड्यात कोंडता येतं.