फॉर्म १६ मधली वजाबाकी

पगार एकच, पण त्याचे आकडे चार. ऑफर लेटरवर १२,४०,८६० रुपये. फॉर्म १६ च्या वरच्या ओळीत ११,४०,००० रुपये. त्याच फॉर्मच्या तळाशी, जिथे कर मोजला जातो तिथे ७,६१,५०० रुपये. आणि वर्षभरात बँकेच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम ९,९८,११० रुपये. हे आकडे आहेत पुण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या, खासगी कंपनीत काम करणाऱ्या एका काल्पनिक कर्मचारी महिलेचे, आर्थिक वर्ष २०२४-२५ चे. चारही आकडे बरोबर आहेत. एकातून दुसरा कसा निघतो, हे ज्याला सांगता येते त्याला फॉर्म १६ वाचता येतो.

वर्षभरात पगारातून किती कर कापला आणि तो कोणत्या हिशेबाने, याचा हा दाखला. वर्ष संपल्यावर १५ जूनपर्यंत तो कर्मचाऱ्याच्या हाती देण्याचे बंधन कंपनीवर असते. त्याचे दोन भाग असतात. भाग ‘अ’ सांगतो कापलेल्या कराचे काय झाले. भाग ‘ब’ सांगतो तो तेवढाच का कापला. वाचताना भाग ‘ब’ आधी घेतलेला बरा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब १९६१ च्या कायद्याच्या कलमांनीच होतो.)

पहिली ओळ कलम १७(१) खालच्या पगाराची. या उदाहरणात मूळ वेतन महिना ५०,००० रुपये, घरभाडे भत्ता म्हणजे एचआरए २०,००० रुपये, विशेष भत्ता २०,००० रुपये आणि वर्षाचा बोनस ६०,००० रुपये. बेरीज ११,४०,०००. मग ऑफर लेटरवरचे वरचे लाखभर रुपये कुठे गेले? त्यात कंपनीने आपल्या खिशातून भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये भरलेले ७२,००० रुपये होते आणि ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढलेले २८,८६० रुपये. हा कंपनीचा खर्च असला तरी या वर्षी तिच्या हाती आलेला पगार नव्हे, म्हणून तो या ओळीत येत नाही. उलट तिच्या स्वतःच्या पगारातून पीएफसाठी कापलेले ७२,००० रुपये मात्र या ११,४०,००० मध्ये आहेतच. खात्यात जमा झालेल्या रकमा जुळवून ही ओळ तपासायला गेलेला माणूस इथेच अडखळतो. जुळवायची ती बारा महिन्यांच्या पगारपत्रकांवरची कपातीपूर्वीची बेरीज.

त्याखाली कलम १७(२) ची ओळ असते ती सवलतींच्या मूल्याची: कंपनीची गाडी, कंपनीचे घर, स्वस्त कर्ज, कंपनीचे शेअर. तिच्या फॉर्ममध्ये तिथे शून्य आहे. ज्यांच्याकडे तिथे आकडा दिसतो त्यांनी सोबतचा फॉर्म १२बीए पाहावा. कोणत्या सोयीची किती किंमत धरली ते त्यात सुटे करून दिलेले असते.

आता वजाबाकी सुरू होते. पहिली वजावट कलम १० ची, आणि त्यात सर्वांत जास्त गोंधळ एचआरएचा. कर्मचारी महिलेला वर्षाला २,४०,००० रुपये एचआरए मिळाला, तिने महिना १८,००० प्रमाणे २,१६,००० रुपये भाडे भरले, आणि फॉर्मवर सूट दिसते फक्त १,५६,००० रुपयांची. कंपनीने चूक केलेली नाही. नियम असा, की तीन रकमा मांडायच्या आणि सर्वांत लहान असेल तेवढीच सूट द्यायची. पहिली, मिळालेला एचआरए: २,४०,०००. दुसरी, भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचा दहावा हिस्सा वजा करून उरलेली: २,१६,००० वजा ६०,०००, म्हणजे १,५६,०००. तिसरी, मूळ वेतनाचा ठरावीक हिस्सा. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत तो ५० टक्के, बाकी सगळीकडे ४० टक्के. या वर्षासाठी पुणे ‘बाकी सगळीकडे’ मध्ये मोडते, म्हणून २,४०,०००. तिन्हींत लहान दुसरी. एचआरएचे उरलेले ८४,००० रुपये करपात्र पगारात राहिले.

या ओळीत शून्य दिसले तर? बहुतेक वेळा कारण साधे असते: फॉर्म १२बीबी आणि भाड्याच्या पावत्या कंपनीने दिलेल्या मुदतीत पोचल्या नाहीत, किंवा वर्षाचे भाडे एक लाखावर असूनही घरमालकाचा पॅन दिला गेला नाही. फॉर्म १६ मध्ये तेवढेच उतरते जेवढे कंपनीच्या हिशेब विभागाने कागद पाहून मान्य केले. भाडे खरोखर भरलेले असेल आणि पुरावा हाताशी असेल, तर जुन्या करपद्धतीत ही सूट स्वतःच्या विवरणपत्रात मागता येते.

सूट वजा जाऊन पगार राहिला ९,८४,०००. पुढे कलम १६. इथे जुन्या पद्धतीत ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट कोणताही कागद न मागता मिळते. तिच्या खाली २,५०० रुपये व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा कापला जातो. फेब्रुवारीचा पगार शंभर रुपयांनी कमी का येतो, याचे उत्तर हेच. आता ‘पगार’ या सदराखालचे उत्पन्न झाले ९,३१,५००.

शेवटची मोठी वजावट सहाव्या-अ प्रकरणाची. हा तक्ता वाचताना रकाने पाहायचे. प्रत्येक कलमासमोर एक आकडा एकूण रकमेचा असतो आणि दुसरा प्रत्यक्ष वजा होणाऱ्या रकमेचा. ८०सी समोर पहिल्या रकान्यात १,८०,००० दिसतात: पीएफचे ७२,०००, आयुर्विम्याचे २८,००० आणि पीपीएफचे ८०,०००. दुसऱ्या रकान्यात मात्र १,५०,०००, कारण कमाल मर्यादाच तेवढी. वरचे ३०,००० रुपये बचत म्हणून चांगलेच, पण कर वाचवण्याच्या कामी आले नाहीत. त्याखाली ८०डी मध्ये आरोग्य विम्याच्या हप्त्याचे २०,०००. साठीच्या आतल्यांसाठी स्वतःच्या कुटुंबाच्या विम्याची मर्यादा २५,००० असल्याने ते पूर्ण वजा झाले. एकूण १,७०,००० गेले आणि उरले ७,६१,५००.

यावर कर असा: पहिल्या अडीच लाखांवर काही नाही, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५००, आणि उरलेल्या २,६१,५०० वर २० टक्क्यांनी ५२,३००. एकूण ६४,८००. त्यावर ४ टक्के उपकर धरून, दहाच्या पटीत आणून, ६७,३९० रुपये. भाग ‘ब’ चा शेवट इथे होतो आणि बहुतेकांचे वाचनही.

खरा प्रश्न मात्र याच भागाच्या सुरुवातीला छापलेला असतो. कर्मचाऱ्याने कलम ११५बीएसी ची नवी करपद्धती नाकारली आहे का, असे तिथे विचारलेले असते. या उदाहरणात उत्तर ‘हो’ आहे. वर्षाच्या सुरुवातीला तिने कंपनीला जुनी पद्धती कळवली होती. नवीत हिशेब कसा झाला असता? एचआरएची सूट नाही, व्यवसाय कराची वजावट नाही, ८०सी नाही, ८०डी नाही. आहे ती फक्त ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट. करपात्र उत्पन्न १०,६५,०००. त्या वर्षीच्या टप्प्यांनुसार तीन ते सात लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, सात ते दहा लाखांवर १० टक्क्यांनी ३०,००० आणि वरच्या ६५,००० वर १५ टक्क्यांनी ९,७५०. उपकरासह ६२,१४० रुपये.

म्हणजे भाडेपावत्या, विम्याचे हप्ते, पीपीएफचे पासबुक असे सगळे जमवून ३,७८,५०० रुपयांची वजाबाकी करूनही जुनी पद्धती ५,२५० रुपयांनी महागच पडली. हे पैसे बुडालेले नाहीत. कंपनीला कळवलेली पद्धती फक्त कर कापण्यापुरती असते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या नोकरदाराला विवरणपत्र भरताना दुसरी पद्धती निवडता येते, आणि इथे ५,२५० रुपये परतावा म्हणून मिळतील. उलट दिशेला मात्र अट आहे: जुनी पद्धती हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते, मुदत टळली की नवीच लागू होते. पुढच्याच वर्षी, २०२५-२६ मध्ये, हा फरक आणखी रुंदावला. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण करसवलत मिळाल्याने याच पगारावरचा कर शून्यावर आला.

आता भाग ‘अ’. यात कंपनीचा टॅन, कर्मचाऱ्याचा पॅन आणि चार तिमाहींत किती पगार दिला, किती कर कापला, किती भरला हे असते. पॅनचे एक अक्षर चुकले तरी कर भलत्याच्या नावावर जमा होतो, म्हणून नजर आधी तिथे टाकावी. मग आयकर खात्याच्या पोर्टलवरून फॉर्म २६एएस उतरवून घ्यावा आणि दोन्हींतली कापलेल्या कराची बेरीज ताडून पाहावी. २६एएस मध्ये नोंदीसमोर F असेल तर रक्कम जुळलेली आहे. U असेल तर सरकारकडे तिचा मेळ लागलेला नाही. फॉर्म १६ मध्ये ६७,३९० आणि २६एएस मध्ये ५०,००० असा फरक निघाला, तर दुरुस्ती कंपनीनेच करायची असते. ती आपले तिमाही विवरणपत्र, फॉर्म २४क्यू, सुधारून भरते. पगारातून कर कापला गेल्याचे सिद्ध होत असेल, तर तोच कर खात्याने पुन्हा कर्मचाऱ्याकडून मागू नये असे कलम २०५ सांगते. पगारपत्रके जपून ठेवायची ती यासाठी.

एक ओळ अशी आहे जी शून्य असली की बरे वाटते, पण नोकरी बदललेल्याला तीच महागात पडते: ‘इतर नियोक्त्यांकडून मिळालेला पगार’. याच कर्मचारी महिलेने नवी पद्धती घेऊन ऑक्टोबरमध्ये कंपनी बदलली असती आणि दोन्हीकडे ५,७०,००० मिळवले असते, असे धरू. पहिल्या कंपनीने वर्षभराच्या अंदाजाने निम्मा कर, सुमारे ३१,००० रुपये, कापला. दुसरीला आधीचा पगार फॉर्म १२बी मधून कळवलाच नाही, तर तिच्या लेखी उत्पन्न ५,७०,००० वजा ७५,०००, म्हणजे ४,९५,०००. त्या वर्षी सात लाखांपर्यंत करसवलत असल्याने ती काहीच कापत नाही. दोन्ही फॉर्म आपापल्या जागी बिनचूक असतात. पण विवरणपत्रात दोन पगार एकत्र येतात, प्रमाणित वजावट दोनदा नव्हे तर एकदाच मिळते आणि उरलेला सुमारे ३१,००० रुपये कर व्याजासह स्वतः भरावा लागतो. बँकेतल्या मुदत ठेवींचे व्याजही असेच; कंपनीला सांगितले नसेल तर ते फॉर्म १६ मध्ये नसते, वार्षिक माहिती विवरणात मात्र बँकेने कळवल्यामुळे दिसते, आणि विवरणपत्र भरताना ते पगारात मिळवावेच लागते.